टक्का भागू नका, लॉग भागा

प्रश्न: मी अंबाजोगाईकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात यंदाच गणित शिकवायला लागले. घातांकी वाढ आणि ऱ्हास यावर बारावीसाठी वर्कशीट केली आहे. एका गणितात जिल्ह्याची लोकसंख्या 10 वर्षांत 27.76 टक्क्यांनी वाढली, म्हणून मी वर्षाला 2.776 टक्के धरले; त्याच गणितात शेवटी 2026 ची लोकसंख्या विचारली आहे. दुसऱ्यात आयोडीन-131 आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणून रोज 6.25 टक्के. मुलांची उत्तरं माझ्या उत्तरांशी जुळत नाहीत. आपसातही जुळत नाहीत, कारण कुणी पाया e घेतो, कुणी 2, कुणी 10. बरोबर पाया कोणता, आणि उत्तरपत्रिका छापण्याआधी मी तपासू कशी?

उत्तर:

मॅडम, तुमचा हात भागाकाराकडे गेला यात नवल नाही. भागाकार करायचाच असतो, पण टक्क्याचा नाही. कशाचा, ते सांगतो. आधी तुमच्या 2.776 ला त्याच्याच कामाला लावून पाहू.

तुम्ही घेतलेला 27.76 हा आकडा आपल्याच शेजारचा आहे, तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा. 2001 च्या जनगणनेत तिथं 28,97,013 माणसं होती आणि 2011 ला 37,01,282. दोन्ही जनगणनांचा संदर्भ दिवस 1 मार्च, त्यामुळे मधलं अंतर बरोबर 10 वर्षांचं. भागाकार केला की गुणक येतो 1.2776. आता दरवर्षी 2.776 टक्के वाढ धरून दहा वर्षं पुढं चला. (1.02776)^10 येतं जवळपास 1.315, आणि लोकसंख्या 38.09 लाख. जनगणनेनं मोजलेल्यापेक्षा एक लाख आठ हजार माणसं जास्त. ती कुठून आली? पहिल्या वर्षी जी भर पडली, तिच्यावरही दुसऱ्या वर्षी वाढ चढली आणि तिसऱ्या वर्षी त्या दोन्हींवर. तुम्ही 27.76 चे दहा सारखे तुकडे केलेत, पण नंतर ते तुकडे एकमेकांवर चढत गेले.

हे मुलांना सांगायला सावकारीचं उदाहरण पुरतं. आपल्याकडं 'दोन रुपये शेकडा' म्हटलं की महिन्याला दोन टक्के, हे शेतकऱ्याच्या लेकराला वेगळं सांगावं लागत नाही. व्याज महिन्याच्या महिन्याला चुकतं केलं तर वर्षाला 24 टक्के. थकलेलं व्याज दर महिन्याला मुद्दलात चढवत गेलं तर (1.02)^12 म्हणजे 1.268, वर्षाला 26.8 टक्के. पहिल्या प्रकारात गुणाकार-भागाकार चालतो, कारण व्याजावर व्याज नाही. लोकसंख्या नेहमी दुसऱ्या प्रकारची असते.

मग भागायचं काय? वर्षाचा गुणक g धरला तर g^10 = 1.2776. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की 10 log g = log 1.2776, आणि इथं दहानं भागणं अगदी बरोबर आहे. नैसर्गिक लॉग घेतला तर ln 1.2776 = 0.2450, त्याला 10 नं भागून 0.0245. हाच तुमचा k. आणि e^0.0245 म्हणजे 1.0248, म्हणून वर्षाची खरी वाढ 2.48 टक्के, 2.776 नव्हे. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, आणि बेरजेचे सारखे तुकडे करता येतात. टक्क्याचे येत नाहीत. वर्षाचा महिना करायचा असो की आठ दिवसांचा एक दिवस, भागाकार k चा करायचा आणि टक्का हवा असेल तर शेवटी एकदाच काढायचा.

आता आयोडीन. तुमच्या वर्कशीटमधलं हे गणित जास्त शिकवणारं आहे, कारण इथं चूक उलट्या दिशेला जाते. रोज 6.25 टक्के घटतं असं धरलं तर आठ दिवसांनी (0.9375)^8, म्हणजे 59.7 टक्के उरतं. निम्मं उरायला हवं होतं. बरोबर हिशेब असा: ln 2 = 0.6931, भागिले 8 म्हणजे 0.0866. एका दिवसानंतर उरतं e^(−0.0866) = 0.917, म्हणून रोजची घट 8.3 टक्के. (प्रत्यक्षात आयोडीन-131 चा अर्धायुष्यकाल 8.02 दिवस आहे. वर्कशीटला 8 चालेल.)

दोन्ही गणितं शेजारी ठेवून बघा. वाढीत खरा वार्षिक दर भागाकारानं आलेल्या दरापेक्षा कमी निघाला, 2.48 विरुद्ध 2.776. घटीत खरा रोजचा दर भागाकारानं आलेल्यापेक्षा जास्त निघाला, 8.3 विरुद्ध 6.25. वाढीत नवी भर स्वतःही वाढते, म्हणून थोडा कमी दर पुरतो. घटीत रोज उरलेल्यातूनच घटायचं असतं आणि ते उरलेलं कमी कमी होत जातं, म्हणून निम्म्यावर यायला दर मोठा लागतो. वही तपासताना कॅल्क्युलेटर हातात नसला तरी ही दिशा बघून चूक पकडता येते. वाढीच्या गणितात एखाद्यानं 2.776 किंवा त्याच्या वरचा वार्षिक दर काढला असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

6.25 वाल्यांचा आणखी एक प्रकार असतो. ते रोज मूळच्या साठ्याच्या 6.25 टक्के वजा करतात. मग आठव्या दिवशी नेमकं निम्मं येतं आणि मूल खूष होतं. त्याला सोळाव्या दिवसाचं उत्तर विचारा. त्याच्या हिशेबानं शून्य येईल, आणि यायला हवं पाव. म्हणून अर्धायुष्यकालाच्या गणितात एक उपप्रश्न दोन अर्धायुष्यकालांपलीकडचा ठेवा. फक्त पहिल्या निम्म्यावर थांबणारा प्रश्न सरळ रेषा आणि घातांकी वक्र यांत फरकच करत नाही.

आता पायाचं. तुम्ही विचारलंत, बरोबर पाया कोणता. खालचे चारही बरोबर आहेत, अट एवढीच की पायाबरोबर त्याचाच घातांक यावा:

```
N = N0 * 2^(-t/8)
N = N0 * e^(-0.0866 t)
N = N0 * 10^(-0.0376 t)
N = N0 * (0.917)^t
```

ही चार वेगळी उत्तरं नाहीत. t च्या जागी 8 घातलं की चारही ओळींत N0 च्या निम्मं येतं, शेवटच्या दशांश स्थळाचा थोडा फरक सोडला तर. भांडण होतं ते एका ओळीचा पाया आणि दुसऱ्या ओळीचा घातांक उचलला की.

आपल्या बोर्डात हे होण्याचं एक खास कारण आहे. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि ते टेबल 10 पायाचं असतं. पुस्तकातलं सूत्र मात्र dx/dt = kx पासून येतं, म्हणजे e पायाचं. मूल k = log 2 / t लिहितं, टेबल उघडतं, 0.3010 वाचतं, 8 नं भागून 0.0376 काढतं आणि सरळ e च्या डोक्यावर बसवतं. मधला 2.303 चा गुणाकार राहून गेलेला असतो.

हे मी दुसऱ्यांचं सांगत नाही. लातूरला शिकवायला लागल्यावर तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका चाचणीची उत्तरपत्रिका मी स्वतः अशीच छापली होती. औशाकडून एसटीनं येणारा एक मुलगा तास संपल्यावर आला आणि म्हणाला, "सर, तुमच्या सूत्रात आठ दिवस घातले तर पाऊणच्या आसपास उरायलंय. निम्मं कुठं झालं?" e^(−0.301) म्हणजे 0.74. त्याचं बरोबर होतं. त्या दिवसापासून मी कुठलंही असं गणित छापण्याआधी एकच तपासणी करतो: प्रश्नात दिलेली माहिती तयार सूत्रात परत घालायची आणि तीच माहिती बाहेर येते का बघायचं. आयोडीनला t = 8 घातलं की निम्मं, जिल्ह्याला t = 10 घातलं की 37.01 लाख. नाही आलं तर पुढचे सगळे उपप्रश्न चुकलेले आहेत.

ही तपासणी नुसतं 'चूक' म्हणून थांबत नाही, चूक कुठली तेही सांगते. आठव्या दिवशी 59.7 टक्के आलं तर मुलानं टक्का भागला आहे. 74 आलं तर 10 पायाचा लॉग e ला लावला आहे. 20 च्या आसपास आलं तर उलटं, म्हणजे 0.6931 काढून ते 10 च्या घातांकात टाकलं आहे. 200 आलं तर वजाचं चिन्ह राहिलं. वही तपासताना हे चार आकडे मी समासात लिहून ठेवतो. तेवढ्यावर पन्नास वह्यांपैकी बहुतेकांचं निदान होतं.

एक चूक मात्र या आकड्यांत नीट दिसत नाही, कारण ती निम्म्याच्या अगदी जवळ येते: 8.3 टक्के हा रोजचा दर आणि 0.0866 हा k यांची अदलाबदल. 0.083 ला k धरलं तर आठव्या दिवशी 51.5 टक्के उरतं. 0.0866 ला रोजचा टक्का धरला तर 48.4. मुलं हे गोळाबेरीज केल्यामुळे झालं असं म्हणून सोडून देतात. तसं ते नाही. लोकसंख्येत तर फरक आणखी लपतो, कारण 0.0245 आणि 0.0248 डोळ्याला सारखेच दिसतात. तरी 0.0248 ला k धरून e^(0.248) केलं तर 2011 ची लोकसंख्या 37.12 लाख येते, खऱ्यापेक्षा अकरा हजार जास्त.

याची जबाबदारी बऱ्याचदा प्रश्नाच्या भाषेवर असते. 'लोकसंख्या दरवर्षी 2.48 टक्क्यांनी वाढते' असं लिहिलं तर ते वर्षाच्या शेवटचं मोजमाप आहे, सूत्र (1.0248)^t. 'वाढीचा वेग त्या क्षणीच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असून स्थिरांक 0.0245 आहे' असं लिहिलं तर e^(0.0245 t). तुमच्या वर्कशीटमध्ये 'वाढीचा दर 2.5 टक्के' असं नुसतं मोघम लिहिलं असेल, तर दोन मुलं दोन सूत्रं घेतील आणि दोघांनाही चूक म्हणता येणार नाही. दर प्रत्येक वेळी एककासह लिहा: वर्षाला, महिन्याला, दिवसाला. आणि तो वर्षाअखेरचा टक्का आहे की प्रमाणाचा स्थिरांक, तेही लिहा.

मग पाया निवडायचा कसा? माझा नियम साधा आहे: प्रश्नानं जे दिलं आहे, तेच पाया म्हणून ठेवायचं. अर्धायुष्यकाल दिला असेल तर पाया 1/2 आणि घातांक t/8. दहा वर्षांचा गुणक दिला असेल तर (1.2776)^(t/10). वार्षिक टक्का दिला तर (1 + r)^t. e ला हात तेव्हाच लावायचा, जेव्हा प्रश्नात k दिलेला असतो, किंवा एखाद्या क्षणीचा वेग विचारलेला असतो, किंवा वेळेचं एकक बदलायचं असतं. मी e च्या विरोधात नाही. डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना तोच येणार. पण उत्तर लिहिताना e^(t/10 · ln 1.2776) ला (1.2776)^(t/10) असं उलगडून लिहायला लावा. मग k चा आकडा काढावाच लागत नाही आणि त्यातली गोळाबेरीज पुढं पसरत नाही.

गोळाबेरजेचं नुकसान किती होतं ते एकदा फळ्यावर करून दाखवा. चाळीस दिवस म्हणजे पाच अर्धायुष्यकाल. 1/2 च्या पायानं उत्तर 1/32, म्हणजे 3.125 टक्के. एखाद्यानं k = 0.09 असं आटोपलं तर e^(−3.6) म्हणजे 2.73 टक्के. k मध्ये चार टक्क्यांची ढिलाई, आणि उत्तरात बारा-तेरा टक्क्यांची. लोकसंख्येत तर चार अंकी टेबलच अडचण करतं. log 1.2776 = 0.1064, भागिले दहा 0.01064, आणि त्याचा अँटीलॉग वाचताना 1.024 की 1.025 यातच घोळ होतो. 1.024 घेतलं तर दहा वर्षांनी 36.7 लाख, 1.025 घेतलं तर 37.1 लाख. नुसतं टेबल वाचण्यात छत्तीस हजार माणसं इकडची तिकडं. म्हणून टेबलवर सोडवायच्या गणितात वार्षिक टक्का काढायला लावूच नका. असे आकडे निवडा की t/10 पूर्णांक किंवा अर्धा येईल.

एककबदलाचं एक गणित हवं असेल तर कोबाल्ट-60 घ्या. कर्करोगाच्या किरणोपचाराच्या यंत्रांत हा वापरला जातो. अर्धायुष्यकाल 5.27 वर्षं. k = 0.6931 / 5.27 = 0.1315 दरवर्षी. 12 नं भागा, 0.01096 दरमहा. हा भागाकार बिनधास्त करायचा, कारण आपण k भागतोय. महिन्याला घट सुमारे 1.09 टक्के. स्रोत क्षीण होतो तसा उपचाराचा वेळ वाढवावा लागतो, म्हणून यंत्र सांभाळणाऱ्यांना ही महिन्याची घट हिशेबात धरावीच लागते. आता उलट रस्त्यानं जा: वर्षाची घट 12.3 टक्के, तिला 12 नं भागलं तर 1.03 येतं. 1.03 आणि 1.09 हा फरक छोटा दिसतो. पण 1.03 नं 5.27 वर्षं, म्हणजे 63 महिने चालवून बघायला सांगा. निम्म्याऐवजी जवळपास 52 टक्के उरलेलं दिसेल.

आयोडीनच्या प्रश्नातला एक शब्द बदलायला हवा. 'रुग्णाच्या शरीरात किती उरेल' असं लिहिलं असेल तर ते 'बाटलीत किती उरेल' करा. शरीरात आयोडीन नुसतं क्षय पावत नाही, लघवीवाटे बाहेरही जातं, त्यामुळे ते आठ दिवसांच्या आधीच निम्मं होतं. हुशार वर्गासाठी मात्र हाच मुद्दा सोन्यासारखा आहे. क्षयाचा k आणि बाहेर पडण्याचा k यांची सरळ बेरीज होते. रोजच्या टक्क्यांची बेरीज केली तर चुकते. पुन्हा तीच गोष्ट, k ला बेरीज-भागाकार सोसतो, टक्क्याला नाही.

राहिला तुमचा शेवटचा उपप्रश्न, 2026 ची लोकसंख्या. 2011 पासून 15 वर्षं, म्हणून 37.01 × (1.2776)^1.5, म्हणजे सुमारे 53.45 लाख. गणित बरोबर. पण किरणोत्सारी अणूचा k कायम राहतो आणि जिल्ह्याचा राहत नाही. जन्मदर बदलतो, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांकडं येणारा लोंढा कधी वाढतो, कधी ओसरतो. अख्ख्या महाराष्ट्राची दहा वर्षांची वाढ 1991 ते 2001 मध्ये 22.73 टक्के होती, पुढच्या दहा वर्षांत ती 15.99 वर आली. म्हणजे पहिल्या दशकाचा k घेऊन दुसरं दशक मोजणाऱ्याचं सूत्र, पाया, रूपांतर सगळं बिनचूक असूनही उत्तर काही लाखांनी चुकलं असतं. ही चूक t = 10 घालून सापडत नाही, कारण ती हिशेबात नसून गृहीतकात आहे. तेव्हा तो उपप्रश्न काढू नका, फक्त '2026 मध्ये लोकसंख्या किती असेल' हे खोडून 'दहा वर्षांचा गुणक 2001 ते 2011 सारखाच राहिला असं धरल्यास 2026 मध्ये किती येईल' असं लिहा, आणि त्याखाली एक ओळ मोकळी ठेवा: 'हा गुणक तसाच राहील असं तुम्हाला वाटतं का? कारण लिहा.'